कोऱ्या खोलीतला नळ



गेली बरीच वर्षे मी एका महाविद्यालयात संगणकांची देखभाल करतो. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाचाही संगणक अडला की फोन मला येतो. मागच्या जूनमध्ये असाच ताईचा फोन आला. भाचीला एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत होती. फोन आला तेव्हा साडेतीन वाजले होते. अर्ज भरून झाला होता, पण "शुल्क भरा" या बटणावर कितीही टिचकी मारली तरी काहीच होत नव्हते. बँकेचे पान उघडत नव्हते आणि चूक झाल्याचा निरोपही येत नव्हता. मदतकेंद्रात फोन केला तर तिथल्या मुलाने ठरलेले उत्तर दिले, "मॅडम, कुकीज, कॅश, हिस्टरी सगळं क्लिअर करा आणि पुन्हा लॉग-इन करा."

ताईला म्हटले, मी येईपर्यंत कुणीही काहीही क्लिअर करू नका. घर जवळच आहे, दहा मिनिटांत पोहोचलो.

मी खुर्चीवर बसलो आणि Ctrl, Shift आणि N ही तीन बटणे एकदम दाबली. काळ्या रंगाची नवी खिडकी उघडली. तिच्यावर टोपी आणि चष्म्याचे ते सुप्रसिद्ध चित्र होते. भाची माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामा, ही खिडकी तुला कशाला लागते रे?" ताईही जरा संशयानेच पाहू लागली. या खिडकीचे नाव खराब झाले आहे, त्याला माझा इलाज नाही. क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात, एजमध्ये इनप्रायव्हेट, तर फायरफॉक्समध्ये प्रायव्हेट विंडो. फायरफॉक्समध्ये N च्या जागी P दाबायचे, एवढाच फरक. मागे काय पाहिले ते घरातल्यांना दिसू नये म्हणून ती वापरतात, एवढेच लोकांना ठाऊक असते. आमच्या धंद्यात मात्र तिचा उपयोग नाडी पाहण्यासाठी होतो.

ती नाडी नेमकी कशी दाखवते, ते सांगतो. आपण रोज ज्या खिडकीतून संकेतस्थळे पाहतो, तिथे आपल्या नकळत तीन गोष्टी साठत जातात. पहिली म्हणजे कॅश. एखादे पान पाहिले की त्यातली चित्रे, रंगरूपाच्या फायली, बटणे चालवणारा मजकूर यांच्या प्रती ब्राउजर आपल्या संगणकावर ठेवून घेतो. दुसऱ्या वेळी त्या पुन्हा मागवाव्या लागू नयेत, हा हेतू. दुसरी म्हणजे कुकी. देवळाबाहेर चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो ना, तसा हा बिल्ला असतो. संकेतस्थळ तो आपल्याला देते आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तो दाखवला की तुम्ही कोण ते ओळखते. याच कप्प्यात संकेतस्थळाने तुमच्या संगणकावर ठेवलेले इतर किडुकमिडुकही असते. तिसरी म्हणजे एक्स्टेन्शन, म्हणजे आपणच कधीतरी हौसेने बसवलेले छोटे मदतनीस. कुणी जाहिराती अडवतो, कुणी इंग्रजी सुधारतो, कुणी सवलतीची कुपने शोधतो. असे बरेच मदतनीस आपल्यासमोर येणाऱ्या प्रत्येक पानात हात घालू शकतात. आपणच बसवताना तशी परवानगी दिलेली असते.

प्रायव्हेट खिडकी म्हणजे त्याच घरातली पाहुण्यांची कोरी खोली. तिथले कपाट रिकामे असते, जुन्या प्रती नसतात, जुने बिल्ले नसतात आणि मदतनिसांना आत यायला मुभा नसते. घर मात्र तेच असते. पाण्याची टाकी तीच, विजेचे मीटर तेच. इंटरनेटची जोडणी, वायफायचा डबा, अँटिव्हायरस, संगणकाचे घड्याळ हे सगळे दोन्ही खिडक्यांना समाईक असते. म्हणून आपल्या खोलीतला नळ कोरडा असताना पाहुण्यांच्या खोलीतला वाहत असेल, तर नगरपालिकेला फोन करण्यात अर्थ नाही. बिघाड आपल्याच खोलीत आहे. दोन्ही नळ कोरडे असतील, तर मात्र आपल्या खोलीतली फरशी उखडू नये.

त्या काळ्या खिडकीत आम्ही भाचीच्याच नावाने लॉग-इन केले. हे "तिच्याच नावाने" फार महत्त्वाचे. पुष्कळ लोक प्रायव्हेट खिडकीत नुसते मुखपृष्ठ उघडतात आणि "इथे चालतंय की" म्हणतात. मुखपृष्ठ आधीही चालतच होते. जिथे अडले, त्याच पानापर्यंत, त्याच खात्याने, त्याच पायऱ्यांनी गेले पाहिजे. मोबाइलवर ओटीपी आला, तो घातला, शुल्काच्या पानावर गेलो आणि बटण दाबले. बँकेचे पान टुणकन उघडले.

एका टिचकीत बरेच निकाल लागले. संस्थेचा सर्व्हर ठीक, भाचीचे खाते ठीक, इंटरनेट ठीक, संगणक ठीक. लगेच मी जुन्या खिडकीत जाऊन तेच बटण पुन्हा दाबून पाहिले. ते अजूनही मुके होते. ही उलटतपासणी कधी चुकवू नये. मधल्या पाच मिनिटांत संस्थेनेच आपला बिघाड दुरुस्त केलेला असू शकतो, आणि मग आपण श्रेय खिडकीला देऊन बसतो.

ताई म्हणाली, "मग इथेच भरून टाका की पैसे!" सल्ला वाईट नव्हता, एरवी मीही तेच केले असते. पण भाचीने अर्जाचे पान उघडले आणि तिचा चेहरा उतरला. "स्वतःविषयी निवेदन" या मोठ्या चौकटीत तिने आदल्या रात्री बसून लिहिलेला मजकूर होता. जुन्या खिडकीत तो जसाच्या तसा दिसत होता आणि खाली "मसुदा जतन केला" असेही लिहिले होते. काळ्या खिडकीत ती चौकट रिकामी होती. खाते तेच होते, म्हणजे मसुदा संस्थेच्या सर्व्हरवर जतन झालेलाच नव्हता. तो या संगणकावर, ब्राउजरच्या त्या कुकीच्या कप्प्यातच ठेवलेला होता. अर्ज शेवटी पाठवला की मगच तो संस्थेकडे जाणार होता. काळ्या खिडकीतून पैसे भरले असते, तर निवेदन कोरे गेले असते. आणि मदतकेंद्राचे ऐकून "सगळं क्लिअर" केले असते, तर रात्रीची मेहनत एका क्षणात पुसली गेली असती.

पहिले काम म्हणून जुन्या खिडकीतला तो मजकूर नोटपॅडमध्ये उतरवून घेतला. मग गुन्हेगार शोधायला बसलो. आरोपी तीनच होते.

हा क्रम मी नेहमी एका तत्त्वावर ठरवतो: ज्यात सर्वांत कमी नुकसान, ते आधी. सर्वांत निरुपद्रवी तपासणी कॅशची. जुन्याच खिडकीत, शुल्काच्या पानावर, Ctrl, Shift आणि R दाबायचे. याला जोरकस रिफ्रेश म्हणू. ब्राउजर त्या पानापुरता साठवलेल्या प्रतींकडे बघत नाही आणि सगळे नव्याने मागवतो. बिल्ले जागच्या जागी राहतात, लॉग-इन तुटत नाही. याने पान सुधारले तर दोष कॅशचा, विषय संपला. इथे तो संपला नाही. पण हा निकाल पुरता पक्का मानू नका. पान उघडून झाल्यावर मागाहून येणारे तुकडे कधी कधी जुन्या साठ्यातूनच उचलले जातात. पक्की खात्री हवी असेल तर F12 दाबावे, Network या भागात जावे, Disable cache वर खूण करावी आणि ते दालन उघडे ठेवूनच पान पुन्हा मागवावे. दालन बंद केले की ती खूण निकामी होते. हेही केले. बटण मुकेच राहिले.

आता उरले दोन. कुकी पुसून पाहता आली असती, पण तीत मसुदा गुंतलेला. म्हणून एक्स्टेन्शनकडे वळलो, आणि इथे एक युक्ती आहे जी फारशी कुणी वापरत नाही. लोक जुन्या खिडकीतले मदतनीस एकेक बंद करत बसतात. त्यापेक्षा उलट करावे: मदतनिसांना कोऱ्या खोलीत बोलवावे. तिथे कॅश कोरी आहे आणि कुकीही कोरी. मदतनीस आत येताच नळ कोरडा पडला, तर दुसरा कोणी आरोपीच उरत नाही.

क्रोमच्या पत्त्याच्या चौकटीत हे लिहायचे:

```
chrome://extensions
```

बसवलेल्या सगळ्या मदतनिसांची यादी समोर येते. प्रत्येकाच्या Details मध्ये गेले की Allow in Incognito असा एक खटका असतो. फायरफॉक्समध्ये हाच खटका Run in Private Windows या नावाने सापडतो. 2019 साली आलेल्या 67 व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सही नव्या एक्स्टेन्शनना विचारल्याशिवाय प्रायव्हेट खिडकीत येऊ देत नाही.

भाचीकडे चार मदतनीस निघाले. एक जाहिराती अडवणारा, एक इंग्रजी सुधारणारा, एक पीडीएफ बनवणारा आणि एक खरेदीच्या वेळी कुपने शोधणारा. शेवटचा कधी बसवला हे तिला आठवतही नव्हते. मी मनात जाहिरातवाल्याला केव्हाच दोषी ठरवले होते. या जातीचे गडी कधी कधी पैसे भरण्याची खिडकीही जाहिरात समजून अडवतात, हा माझा जुना अनुभव. चौघांनाही परवानगी दिली, काळी खिडकी पूर्ण बंद केली, नवी उघडली, पुन्हा लॉग-इन, पुन्हा ओटीपी, पुन्हा बटण. मुके. म्हणजे दोष एक्स्टेन्शनचाच, कॅश आणि कुकी निर्दोष सुटल्या.

आता चौघांतला कोण? एकेक करून चार खेपा घालण्यापेक्षा निम्मे निम्मे करावे. इंग्रजीवाला आणि पीडीएफवाला यांची परवानगी काढली, उरलेले दोघे ठेवले. बटण मुके. मग जाहिरातवाल्यालाही बाहेर काढले आणि एकटा कुपनवाला ठेवला. मी जवळजवळ पैज लावणार होतो की आता बटण चालणार. नाही चालले! गुन्हेगार कुपनवाला होता. पैसे भरण्याचे पान दिसले की हा गडी त्यात आपला मजकूर घुसवून कुपन लावता येते का ते बघतो, आणि त्या खटपटीत संस्थेच्या बटणाची टिचकी मध्येच गिळली जात होती. जाहिरातवाल्याला मी उगाचच बदनाम केले होते.

जुन्या खिडकीत जाऊन कुपनवाल्याला काढून टाकले, शुल्काचे पान पुन्हा मागवले, बटण दाबले. बँकेचे पान उघडले. मसुदा जागच्या जागी होता. शुल्क भरले, अर्ज पाठवला, पोचपावती छापून घेतली. घड्याळात चार वाजून पन्नास मिनिटे झाली होती, आणि त्यातला बराच वेळ ओटीपीची वाट पाहण्यात गेला होता.

समजा, चौघेही मदतनीस निर्दोष निघाले असते, तर उरली असती कुकी. तेव्हाही "सगळं क्लिअर" करायची गरज नसते. पत्त्याच्या डाव्या बाजूला जे छोटे चिन्ह असते, त्यावर टिचकी मारली की फक्त त्या एका संकेतस्थळाची साठवण पुसता येते. बँक, टपाल, इतर सगळी लॉग-इन शाबूत राहतात. अर्थात त्या स्थळाने तुमच्याकडे ठेवलेला मसुदा जातो, म्हणून आधी उतरवून घ्यायचा.

कुकीचा दोष पुष्कळदा स्वतःच ओरडून सांगतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना एका वाचनालयाचे पान उघडताना रोज redirected you too many times असा निरोप येई. म्हणजे संकेतस्थळ म्हणते आधी लॉग-इन करा, लॉग-इनचे पान म्हणते तुमच्याकडे बिल्ला आहे, परत जा. परत गेले की ते म्हणते हा बिल्ला जुना, लॉग-इन करा. सरकारी कचेरीत दोन टेबलांमध्ये फिरवतात तसे. प्रायव्हेट खिडकीत पान सरळ उघडले, त्या एका स्थळाची कुकी पुसली आणि मास्तरांची फेरी थांबली. दुसरी खूण म्हणजे Request Header Or Cookie Too Large हा निरोप. बिल्ले साठून साठून इतके होतात की सर्व्हर ते घ्यायलाच नकार देतो. उलट पानाचे रूप विस्कटलेले असेल, नवी सूचना लागलेली असूनही जुनीच दिसत असेल, तर आधी कॅशवर संशय घ्यावा. आणि पान व्यवस्थित दिसते पण एखादे बटण मुके किंवा एखादा भाग गायब, तर मदतनिसांकडे वळावे. या केवळ खुणा आहेत. माझा जाहिरातवाल्याचा अंदाज कसा चुकला ते तुम्ही ऐकलेच.

ही चाचणी कधी फसते, तेही सांगायला हवे. सर्वांत नेहमीची फसगत म्हणजे काळी खिडकी सकाळपासून उघडीच असणे. ती कोरी असते ती उघडताना. नंतर तिच्यातही बिल्ले आणि प्रती जमतात. क्रोममध्ये दोन काळ्या खिडक्या उघडल्या तरी त्यांचे कपाट एकच असते, म्हणून एक मिटवून उपयोग नाही. सगळ्या मिटवाव्या आणि मग नवी उघडावी.

दुसरी फसगत याच्या उलट आहे. कधी कधी साध्या खिडकीत सगळे ठीक चालते आणि प्रायव्हेटमध्येच अडते. याचा अर्थ तुमच्या संगणकात दोष आहे असा नव्हे. ही खिडकी मुळातच जरा सोवळी असते. उघडलेल्या पानात दुसऱ्याच कुणा संकेतस्थळाचा तुकडा बसवलेला असेल, तर त्या परक्याचे बिल्ले क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी स्वतःहून अडवते. फायरफॉक्सची प्रायव्हेट खिडकीही माग काढणाऱ्या मजकुराला नेहमीपेक्षा कडकपणे रोखते. दुसऱ्या स्थळाच्या खात्याने लॉग-इन करण्याची सोय किंवा पानात बसवलेला व्हिडिओ याने अडू शकतो. अशा वेळी या चाचणीचा निकाल ग्राह्यच धरू नये.

दोन्ही खिडक्यांत सारखेच अडले, तर तिन्ही आरोपींना तूर्त सोडून द्यावे. मग मोबाइलचे वायफाय बंद करून त्याच्या डेटावर तेच पान, त्याच खात्याने पाहावे. तिथे चालले तर आपला संगणक किंवा घरची जोडणी, तिथेही अडले तर बहुधा खाते किंवा संस्थेचा सर्व्हर. हो, मोबाइलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसवताच येत नाहीत, त्यामुळे तिथली प्रायव्हेट खिडकी फक्त कॅश आणि कुकी यांच्याबद्दलच बोलते.

त्या दिवशी एक चूक माझ्या हातून झाली. अर्ज गेल्याच्या आनंदात जाहिरातवाल्याला मी काळ्या खिडकीत यायची पुन्हा परवानगी दिली, परवानगीसह जाहिरातमुक्त व्हिडिओ पाहता येतील म्हणून भाचीने तसा आग्रहच धरला होता. महिन्याभराने तिचा फोन आला, "मामा, परीक्षेचं वेळापत्रक उघडत नाही, आणि प्रायव्हेटमध्येही उघडत नाही, म्हणजे दोष कॉलेजच्या सर्व्हरचाच ना?" मीही फोनवरूनच हो म्हणालो. तिने महाविद्यालयाला तक्रारीची मेल पाठवली, तिथल्या माणसाने आपल्याकडे सगळे ठीक असल्याचे कळवले, आणि तिने ते उत्तर मला पाठवले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या खेपेला मात्र गुन्हेगार जाहिरातवालाच होता. कोऱ्या खोलीची किल्ली मीच त्याला देऊन ठेवली होती. त्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो तेव्हा आधी ती परवानगी काढली, आणि मग ताटावर बसलो.